टीबीच्या रुग्णाला मधुमेह असेल तर मृत्यूचा धोका दुप्पट की पाचपट? आकडा तपासायचा कसा

क्षयरोग आणि मधुमेह एकत्र आले की धोका वाढतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. नेमका किती वाढतो, असं विचारलं की मात्र दोन वेगळे आकडे समोर येतात. एक म्हणतो जवळपास दुप्पट, दुसरा म्हणतो पाचपट. गंमत अशी की हे दोन्ही आकडे एकाच शोधनिबंधातले आहेत.

२०११ साली 'बीएमसी मेडिसिन' या नियतकालिकात मेगन बेकर आणि सहकाऱ्यांनी एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. टीबीवर उपचार घेणाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांचं पुढे काय होतं, हे सांगणारे जगभरातले ३३ अभ्यास त्यांनी एकत्र केले. मृत्यूपुरतं बोलायचं तर, ज्या २३ अभ्यासांमध्ये मधुमेही आणि बिगरमधुमेही यांची थेट तुलना होती, त्यांचा एकत्रित आकडा होता १.८९ पट. वय आणि इतर काही गोष्टींचा हिशेब करून तुलना करणारे अभ्यास होते फक्त चार. त्यांचा आकडा निघाला ४.९५ पट.

मग खरा आकडा कोणता? दोन्हींची सरासरी काढून चालत नाही आणि मोठा आकडा सनसनाटी म्हणून उचलणंही चूक. त्यासाठी मुळातले अभ्यास कसे केले होते हे पाहावं लागतं. आढावा घेणारे संशोधक ते कसं पाहतात, याची ही गोष्ट.

प्रश्न नेमका काय असतो?

मधुमेह इथे 'प्रॉग्नोस्टिक फॅक्टर' म्हणून पाहिला जातो. म्हणजे आजार झालेल्या माणसाचं पुढे काय होईल याची चाहूल देणारी गोष्ट. औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडता येतात. इथे ते शक्य नसतं. कोणाला मधुमेह द्यायचा हे संशोधक ठरवू शकत नाही. तो फक्त आहे त्या रुग्णांची नोंद ठेवतो, सहा महिने उपचार होईपर्यंत वाट पाहतो आणि मोजतो.

म्हणून अशा अभ्यासांच्या चुका वेगळ्या असतात आणि त्या तपासण्याची साधनंही वेगळी. सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे 'क्विप्स'. जिल हेडन आणि सहकाऱ्यांनी त्याची माहिती २०१३ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये दिली. त्यात सहा बाजू तपासतात: अभ्यासात रुग्ण कोण घेतले, किती जण मध्येच गळाले, घटक कसा मोजला, परिणाम कसा मोजला, इतर गोष्टींचा हिशेब केला का, आणि आकडेमोड व मांडणी नीट आहे का. प्रत्येक बाजूला कमी, मध्यम किंवा जास्त जोखीम असा शेरा मिळतो. इथे जोखीम म्हणजे निष्कर्ष एका बाजूला झुकलेला असण्याची शक्यता. दोन जण हे काम स्वतंत्रपणे करतात आणि मग शेरे जुळवून पाहतात.

शाळेच्या गुणपत्रिकेसारखी या शेऱ्यांची बेरीज करायची नसते. पाच विषयांत पैकीच्या पैकी आणि एकात नापास असला तरी त्या एका विषयामुळे सगळा निकाल फिरू शकतो. टीबी आणि मधुमेहाच्या अभ्यासांत असे घात करणारे विषय प्रामुख्याने दोन आहेत: इतर गोष्टींचा हिशेब आणि अर्धवट राहिलेला पाठपुरावा.

वयामुळे फसगत कशी होते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका केंद्रावर टीबीचे १,००० रुग्ण आहेत, त्यातल्या २०० जणांना मधुमेह आहे. उपचारादरम्यान मधुमेहींपैकी २० जण दगावले, म्हणजे १० टक्के. उरलेल्या ८०० पैकी ४८ जण दगावले, म्हणजे ६ टक्के. सरळ भागाकार केला तर मधुमेहींचा धोका १.६७ पट दिसतो.

आता वय पाहू. मधुमेहींपैकी १५० जण पन्नाशीच्या पुढचे होते आणि ५० जण त्याआतले. बिगरमधुमेहींमध्ये पन्नाशीपुढचे २०० आणि त्याआतले ६००. समजा, पन्नाशीपुढच्या कोणाही रुग्णाचा धोका १२ टक्के आहे आणि त्याआतल्याचा ४ टक्के, मधुमेह असो वा नसो. हिशेब करून पाहा. मधुमेहींमध्ये १८ आणि २ मिळून २० मृत्यू. बिगरमधुमेहींमध्ये २४ आणि २४ मिळून ४८. अगदी तेच आकडे! म्हणजे या केंद्रावर मधुमेहामुळे काहीच फरक पडलेला नाही. मधुमेहींमध्ये वयस्कर माणसं जास्त होती, एवढंच.

वय इथे 'कन्फाउंडर' झालं, म्हणजे तुलनेत गोंधळ घालणारा घटक. त्याचा संबंध मधुमेहाशीही आहे आणि मृत्यूशीही. समवयस्कांची समवयस्कांशी तुलना केली की गोंधळ निघून जातो. संशोधक हे काम बहुधा गणिती मॉडेल वापरून करतात आणि त्याला ॲडजस्टमेंट म्हणतात, पण कल्पना एवढीच आहे.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते. त्यावरून बरेच जण असा अर्थ काढतात की हिशेब केला की धोका कमीच होणार. हे बरोबर नाही, आणि टीबीत तर मुळीच नाही.

आकडा वाढतो तो कुठे?

टीबीच्या रुग्णाला मारणाऱ्या मोठ्या गोष्टींपैकी एक म्हणजे कुपोषण. भारतात टीबीचे असंख्य रुग्ण उपचाराला येतात तेव्हाच खूप बारीक असतात. टाइप २ मधुमेह असलेला रुग्ण मात्र सरासरीने थोडा अंगाने भरलेला असतो. म्हणजे मधुमेहींचा गट एका बाबतीत सुरुवातीपासूनच सुरक्षित आहे.

पुन्हा तेच २०० आणि ८०० घेऊ, पण आकडे नवे. समजा, मधुमेहामुळे धोका खरोखर दुप्पट होतो. अंगाने बऱ्या बिगरमधुमेही रुग्णाचा धोका ४ टक्के, बारीक असेल तर ८ टक्के. मधुमेह असेल तर हेच धोके ८ आणि १६ टक्के. मधुमेहींमध्ये बारीक ५० आणि बरे १५०, तर मृत्यू ८ अधिक १२, एकूण २०, म्हणजे १० टक्के. बिगरमधुमेहींमध्ये बारीक ६०० आणि बरे २००, तर मृत्यू ४८ अधिक ८, एकूण ५६, म्हणजे ७ टक्के. थेट तुलनेत धोका दिसतो १.४३ पट. खरा धोका दुप्पट असूनही तो झाकला गेला.

एचआयव्हीचंही असंच. जिथे एचआयव्हीचं प्रमाण जास्त आहे तिथे टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेले रुग्ण बहुधा तरुण असतात, त्यांच्यात मधुमेह कमी असतो आणि मृत्यू जास्त असतात. हे रुग्ण बिगरमधुमेहींच्या गटात जाऊन बसले की त्या गटाचं मृत्यूचं प्रमाण फुगतं आणि मधुमेह निरुपद्रवी वाटू लागतो.

त्यामुळे आढावा घेणारे अभ्यास वाचायला घेण्याआधीच यादी करून ठेवतात: या प्रश्नात कोणत्या गोष्टींचा हिशेब झालाच पाहिजे? इथे वय, लिंग, एचआयव्ही, आधी टीबी होऊन गेला का, औषधांना दाद न देणारा टीबी आहे का आणि पोषण, एवढ्या गोष्टी तरी हव्यात. अभ्यास वाचल्यावर यादी केली तर हाती असलेल्या माहितीप्रमाणे ती वाकते. 'आम्ही वय आणि लिंगाचा हिशेब केला' एवढ्या वाक्यावर चांगला शेरा मिळत नाही. वयाचा हिशेब केला म्हणजे फुगवणारा गोंधळ काढला. पोषण सोडलं म्हणजे झाकणारा गोंधळ तसाच ठेवला.

उलट चूकही होते. एखादा अभ्यास उपचार सुरू होऊन दोन महिन्यांनी थुंकीत जंतू आहेत का, याचाही हिशेब करतो. मधुमेहामुळे जंतू उशिरा जात असतील आणि त्यामुळेच मृत्यू होत असतील, तर या हिशेबात मधुमेहाचा स्वतःचा परिणामच पुसला जातो. वाटेतली पायरी आणि गोंधळ घालणारा घटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीच्या दिवशी माहीत असलेल्या गोष्टींपुरताच हिशेब ठेवला की ही चूक बरीचशी टळते.

मग पाचपटीचं काय?

४.९५ हा आकडा हिशेब केलेल्या अभ्यासांचा आहे, म्हणून तोच खरा, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तो चारच अभ्यासांवर उभा आहे आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा २.६९ ते ९.१० इतकी रुंद आहे. म्हणजे त्याच आकडेमोडीनुसार धोका तिप्पटही असू शकतो आणि नऊपटही.

शिवाय चार विरुद्ध तेवीस ही तुलना एकाच रुग्णांची नाही. देश वेगळे, रुग्ण वेगळे. एका अभ्यासात हिशेबाआधीचा आणि हिशेबानंतरचा आकडा शेजारी शेजारी दिला असेल तरच हिशेबाने काय बदललं हे कळतं. वेगवेगळ्या अभ्यासांचे ढीग करून ते समजत नाही.

आणखी एक शंका आढावा घेणाऱ्यांना घ्यावी लागते. हिशेब केलेला आकडा छापायचा की नाही, हे अनेकदा तो किती ठळक आला यावर ठरतं. काही ठिकाणी आधी प्रत्येक गोष्ट सुटी तपासतात आणि ज्या ठळक दिसतात त्याच मॉडेलमध्ये घेतात. ज्यांच्याकडे मधुमेह ठळक आला नाही त्यांनी तो मॉडेलमधून वगळला आणि ज्यांच्याकडे आला त्यांनीच तो छापला, असं झालं तर हिशेब केलेले आकडे आपोआप मोठे दिसणार. त्या चार अभ्यासांत तसंच झालं असा याचा अर्थ नाही, पण क्विप्सच्या शेवटच्या बाजूत, आकडेमोड व मांडणीत, हे पाहायचं असतं.

२०१९ मध्ये याच विषयावरचा आढावा नव्याने झाला. त्यात शंभरहून अधिक प्रकाशनं होती आणि मृत्यूसाठीचा एकत्रित आकडा आला सुमारे १.९. मात्र तो 'ऑड्स रेशो' आहे, म्हणजे मोजण्याची पद्धत थोडी वेगळी. मृत्यू कमी असतील तर तो धोक्याच्या पटीजवळ असतो, जास्त असतील तर पटीपेक्षा मोठा दिसतो.

जे परत आलेच नाहीत

आता दुसरा विषय, आणि तो जास्त त्रासदायक आहे. कारण इतर गोष्टींचा हिशेब राहिला तर तो नंतर करता येतो, निदान माहिती असेल तर. निघून गेलेल्या रुग्णाची माहितीच नसते.

टीबीचा साधा उपचार सहा महिने चालतो. सलग दोन महिने किंवा जास्त काळ उपचार थांबले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या व्याख्येनुसार रुग्ण 'लॉस्ट टू फॉलो-अप' धरला जातो, म्हणजे पाठपुरावा तुटलेला. त्याआधी अशा रुग्णाला 'डिफॉल्टर' म्हणत, जणू त्याने कर्ज बुडवलंय! शब्द बदलला हे बरंच झालं. याशिवाय दुसऱ्या केंद्रावर पाठवलेले आणि ज्यांचा निकाल कळला नाही असेही रुग्ण असतात. मुंबईत उपचार सुरू करून साताऱ्याच्या किंवा उत्तर प्रदेशातल्या गावी गेलेल्या मजुराचं पुढे काय झालं हे मुंबईच्या केंद्राला समजेलच असं नाही.

यातले काही बरे वाटलं म्हणून औषध सोडतात. काही कामासाठी जातात. काही घरी मरतात आणि केंद्राला कळत नाही. हा शेवटचा गट किती मोठा असू शकतो, याची कल्पना एचआयव्हीच्या उपचार केंद्रांवरून येते. मार्टिन ब्रिंकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्या अभ्यासांत पाठपुरावा तुटलेल्या रुग्णांना घरोघर किंवा फोनवरून शोधलं होतं. ज्यांचा पत्ता लागला त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के मरण पावले होते. टीबीत हे प्रमाण तेवढंच असेल असं नाही, पण 'गेले ते बरेच असतील' असं समजून चालत नाही हे नक्की.

पुन्हा आपलं काल्पनिक केंद्र, आणखी एकदा नवे आकडे. २०० मधुमेहींपैकी १४ मृत्यूंची नोंद आहे आणि ३० जणांचा पत्ता नाही. ८०० बिगरमधुमेहींपैकी ४० मृत्यूंची नोंद आहे आणि ८० जणांचा पत्ता नाही. पत्ता नसलेल्यांना वगळलं तर मधुमेहींचा धोका १७० पैकी १४, म्हणजे ८.२ टक्के. इतरांचा ७२० पैकी ४०, म्हणजे ५.६ टक्के. धोका जवळपास दीडपट.

आता समजा, हरवलेल्या ३० मधुमेहींपैकी निम्मे, म्हणजे १५ जण दगावले होते आणि हरवलेल्या ८० इतरांपैकी फक्त ८. मग २०० पैकी २९ आणि ८०० पैकी ४८. धोका होतो २.४ पट. उलट समजा: मधुमेहींपैकी ३ दगावले आणि इतरांपैकी ४०. मग २०० पैकी १७ आणि ८०० पैकी ८०. आता मधुमेहींचा धोका इतरांपेक्षा कमी निघतो, ०.८५ पट!

एकच केंद्र, तेच रुग्ण, आणि निष्कर्ष 'अडीचपट धोकादायक' पासून 'किंचित सुरक्षित' इथपर्यंत हलला. आणि या केंद्राचा पाठपुरावा ८९ टक्के पूर्ण होता. '८० टक्के पाठपुरावा असला की पुरे' असा एक ठोकताळा बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात हा अभ्यास आरामात पास झाला असता.

गडबड कुठे आहे ते शोधायला एक सोपी तुलना पुरते. हरवलेले किती आणि मृत्यू किती? इथे हरवलेले ११० आहेत आणि नोंदलेले मृत्यू ५४. ज्या घटनेबद्दल बोलायचं आहे तिच्या दुप्पट माणसं अंधारात असतील, तर ८९ टक्क्यांचं कौतुक कशाला? मृत्यू ३०० असते तर हेच ११० जण निकाल एवढा हलवू शकले नसते.

त्यानंतर दोन गोष्टी पाहायच्या. एक, दोन्ही गटांत हरवण्याचं प्रमाण सारखं आहे का. इथे मधुमेहींमध्ये ते १५ टक्के आणि इतरांमध्ये १० टक्के आहे. दुसरी, हरवलेले आणि राहिलेले यांच्यात सुरुवातीला काय फरक होता. चांगल्या अभ्यासात त्याचा तक्ता असतो: वय, वजन, जंतूंचं प्रमाण, एचआयव्ही. हरवलेले जास्त आजारी असतील तर काही मृत्यू नोंदीतून निसटले आहेत असं समजायला आधार मिळतो. असा तक्ताच नसेल तर तीही नोंद आढाव्यात करावी लागते.

एक पळवाट वरचेवर दिसते. मृत्यू, उपचार निष्फळ होणं आणि पाठपुरावा तुटणं हे सगळं 'प्रतिकूल परिणाम' या एका नावाखाली एकत्र करतात. त्याने रिकाम्या जागा दिसेनाशा होतात खऱ्या. पण बरा होऊन गावी गेलेला माणूस आणि दगावलेला माणूस एकाच खात्यात जमा होतो. असा आकडा 'मृत्यूचा धोका' म्हणून पुढे पाठवला की चूक पूर्ण होते.

मुळात मधुमेह कधी मोजला?

बाकीच्या बाजूंपैकी एकीचा उल्लेख करायलाच हवा. टीबीसारख्या आजारात शरीरावर ताण येऊन रक्तातली साखर तात्पुरती वाढू शकते आणि उपचार सुरू झाल्यावर ती उतरतेही. पहिल्याच दिवशी एकदा साखर मोजून 'मधुमेही' ठरवलं तर त्या गटात मधुमेह नसलेले पण खूप आजारी रुग्ण शिरतात. मग धोका मधुमेहाचा की आजाराच्या तीव्रतेचा?

याच्या उलट, तपासणी दोन आठवड्यांनी केली तर? टीबीतले बरेच मृत्यू उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत होतात. ते रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत. नोंदवहीत त्यांच्या मधुमेहाचा रकाना कोरा राहतो आणि आकडेमोड करताना कोरा रकाना म्हणजे 'नाही' असं धरलं, तर सगळे लवकरचे मृत्यू बिगरमधुमेहींच्या नावावर जातात. अभ्यासात 'तपासलं आणि नाही' व 'तपासलंच नाही' हे वेगळं दाखवलंय का, हे एवढ्यासाठीच शोधतात.

आढाव्याच्या तक्त्यात काय लिहिलं जातं?

पाठपुराव्याच्या उदाहरणातलं केंद्र खरोखरचा अभ्यास असतं, त्याने फक्त वय आणि लिंगाचा हिशेब केला असता आणि साखर उपचाराच्या आधी दोनदा मोजली असती, तर त्याची ओळ साधारण अशी दिसली असती. रुग्णांची निवड: कमी जोखीम, कारण सलग आलेले सगळे घेतले. गळती: जास्त जोखीम, कारण हरवलेले मृत्यूंच्या दुप्पट आणि गटांत असमान. घटकाचं मापन: कमी. परिणामाचं मापन: मध्यम, कारण घरी झालेल्या मृत्यूंची खातरजमा नाही. इतर गोष्टींचा हिशेब: जास्त, कारण पोषण आणि एचआयव्ही सोडले. मांडणी: मध्यम. प्रत्येक शेऱ्यापुढे निबंधातलं ते वाक्य किंवा तो तक्ता नोंदवतात, म्हणजे दुसऱ्याला पडताळता येतं.

असा अभ्यास आढाव्यातून हाकलून देत नाहीत. आधी सगळे अभ्यास धरून एकत्रित आकडा काढतात, मग गळतीत आणि हिशेबात जास्त जोखमीचे शेरे असलेले वगळून पुन्हा काढतात आणि दोन्ही आकडे छापतात. दरम्यान मूळ संशोधकांना पत्रही जातं: हरवलेल्या ११० जणांपैकी नंतर कोणाचा पत्ता लागला का, आणि रुग्णांची वजनं नोंदवली होती का. उत्तर आलं तर शेरा बदलतो, नाही आलं तर 'विचारलं, उत्तर नाही' असं लिहून ओळ पूर्ण होते.